बचत गटात चक्रवाढ व्याज कसं समजावू? उदाहरणं सुचवा

मृणाल_जोग
आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाच्या पुढच्या बैठकीत चक्रवाढ व्याजावर बोलायचं काम माझ्याकडे आलंय. वेळ पाऊण तास. वीसेक जणी असतील. काही जणी सही करतात पण कागदावरच्या आकडेमोडीला घाबरतात. दोघी-तिघी छोटा धंदा करतात आणि तोंडी हिशेबात माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज आहेत. फळ्यावर सूत्र लिहिलं की निम्म्या जणी गप्प होणार, हे नक्की. गटातून कर्ज शेकडा दोनने मिळतं, म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये. रोजच्या जगण्यातली, हातात धरून दाखवता येतील अशी उदाहरणं हवी आहेत. कुणी असं काही घेतलं असेल तर सांगा.

गणितवेडा
बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सांगा. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. चौसष्टाव्या घरापर्यंत राजाचं कोठार रिकामं होतं. ऐकणारा माणूस चकित होतो आणि चक्रवाढ आयुष्यभर विसरत नाही.

जमाखर्च
गोष्ट छान आहे, पण या कामाला नको. त्या पटावर प्रत्येक पावलाला रक्कम दुप्पट होते. बचतीत असं कुठेच होत नाही. गोष्ट ऐकून बायका घरी जातात, वर्षभराने पासबुक बघतात, शंभराचे एकशे सात झालेले दिसतात आणि वाटतं की आपल्याला फसवलं. त्याहून वाईट म्हणजे कुणी 'वर्षात दुप्पट' म्हणत दारात आला, तर ते खरं वाटायला लागतं. मी बरीच वर्षं गटांचे हिशेब तपासतोय. सगळ्यात उपयोगी पडलेला प्रकार सांगतो.

पाचशेच्या आसपास चिंचोके घ्या. मणी, बटणं, काहीही चालेल. जमिनीवर दोन चादरी अंथरा आणि दोन्हींवर शंभर-शंभर चिंचोके दहा-दहाच्या ढिगांत मांडा. नियम एकच: वर्ष संपलं की दर दहाच्या ढिगामागे एक चिंचोका व्याज. पहिल्या चादरीवरचं व्याज उचलून बाजूच्या वाटीत टाकायचं, ते पुन्हा चादरीवर येणार नाही. दुसऱ्या चादरीवरचं व्याज तिथेच ठेवायचं आणि दहा झाले की त्यांचा नवा ढीग करायचा. दहाच्या आतले सुटे राहतील त्यांना व्याज नाही, ते पुढच्या वर्षाची वाट बघतील.

हे सगळं बायकांनाच करू द्या. एकीने ढीग मोजायचे, दुसरीने व्याज ठेवायचं, तिसरीने मोठ्याने आकडा सांगायचा. दुसऱ्या चादरीवर ११०, १२१, १३३, १४६, १६०, १७६, १९३ असे आकडे येतील. आठव्या वर्षी २१२ आणि दहाव्या वर्षी २५६. पहिल्या चादरीवर आणि वाटीत मिळून दहाव्या वर्षी बरोबर २००.

यात एक जागा सांभाळा. तिसऱ्या वर्षी एकीकडे १३० असतात आणि दुसरीकडे १३३. तेव्हा कुणीतरी म्हणणारच, "एवढा खटाटोप तीन चिंचोक्यांसाठी?" घाईने उत्तर देऊ नका. "बरोबर आहे, तीनच," म्हणा आणि पुढे मोजायला लावा. चक्रवाढीची सुरुवात अशीच मंद असते, आणि बहुतेक माणसं नेमकी याच वर्षांत पैसे काढून घेतात.

सुनंदा_ताई
माझी मुदत ठेव आहे. दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात येतं, त्यात गॅस आणि औषधं भागतात. पाच वर्षं झाली, ठेव होती तेवढीच आहे. चक्रवाढ व्याज असतं ना ठेवीला? मग माझी वाढत का नाही? तक्रार कुठे करायची?

जमाखर्च
सुनंदाताई, तक्रारीचं काही नाही. तुमची ठेव पहिल्या चादरीसारखी आहे. व्याज वाटीत पडतं आणि तुम्ही ते वापरता. मुद्दल तेवढंच राहतं, म्हणून दर तिमाहीला व्याजही तेवढंच येतं. व्याज ठेवीतच जमा होत राहील असा पर्याय ठेव उघडताना निवडायचा असतो. पण औषधांचा खर्च त्यावर चालतो ना? मग तुमची निवड योग्य आहे, ती बदलायला कुणी सांगितलं म्हणून बदलू नका. मृणाल, ताईंचा हा प्रश्न बैठकीत येईलच, तयारी ठेवा.

किरण_प
बचतीपेक्षा कर्जाचं उदाहरण घ्या, ते लगेच पोचतं. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के, चक्रवाढीने जवळजवळ २७. म्हणजे गट स्वतःच्याच बायकांकडून २७ टक्के घेतोय. हे सांगायला हवं.

जमाखर्च
किरण, २७ चा आकडा बरोबर, निष्कर्ष अर्धा. दहा हजार घेतले आणि बाई दर महिन्याला व्याजाचे दोनशे भरत राहिली, तर मुद्दल दहा हजारच राहतं आणि व्याजावर व्याज लागत नाही. चक्रवाढ सुरू होते ती न भरलेलं व्याज मुद्दलात मिळवलं की. मग दुसऱ्या महिन्याचं व्याज २०४, तिसऱ्याचं २०८. असंच वर्षभर चाललं तर १२,४०० च्या जागी सुमारे १२,६८० होतात, आणि तुमचे २७ टक्के ते हेच. हप्त्याबरोबर मुद्दलही फिटत असेल आणि व्याज उरलेल्या रकमेवरच लावत असतील, तर रुपयांत व्याज आणखी कमी पडतं.

पण कर्जाचं उदाहरण घ्या, हे मलाही पटतं. एक आकडा मात्र नीट सांगा. शेकडा दोनने काहीच न भरता कर्ज दुप्पट व्हायला साध्या व्याजाने ५० महिने लागतात, चक्रवाढीने ३५. पंधरा महिन्यांचा हा फरक बायकांना लगेच कळतो, कारण त्या कर्ज टक्क्यांत मोजत नाहीत, 'किती महिने डोक्यावर राहील' यात मोजतात.

मृणाल_जोग
काल घरी करून पाहिलं. चिंचोके नव्हते, जुनी बटणं आणि मणी घेतले. सासूबाईंना मोजायला बसवलं. त्यांनी ढीग इतके झरझर लावले की मीच मागे पडले. पाचव्या वर्षी थांबल्या आणि म्हणाल्या, "ते सगळं खरं, पण हे जास्तीचे मणी आणतंय कोण? पिशवीतून तू काढतेस. खऱ्या गटात पिशवी कुणाची?"

मला काहीच बोलता आलं नाही. बैठकीत हाच प्रश्न आला तर काय सांगू?

जमाखर्च
सासूबाईंना नमस्कार सांगा. संबंध विषयात याहून महत्त्वाचा प्रश्न नाही.

गटातली पिशवी कर्ज घेणाऱ्या बायकांची. समजा गटाचा निधी ५०,००० आहे आणि सगळा कर्जाऊ गेलाय. महिन्याला १,००० व्याज येईल. ते हजार पुढच्या बैठकीत कुणाला कर्ज म्हणून दिले, तर कर्जाऊ रक्कम ५१,००० आणि व्याज १,०२०. हीच चक्रवाढ. तेच हजार पेटीत पडून राहिले, तर पुढच्या महिन्यातही हजारच येतील. शेकडा दोन हा दर कागदावर कितीही लिहिलेला असो, पेटीतल्या पैशाला तो लागत नाही. आणि निधी संपूर्ण कर्जाऊ गेलाय अशी वेळ क्वचितच येते, त्यामुळे खरी वाढ कागदावरच्या हिशेबापेक्षा कमीच भरते.

म्हणून बैठकीत गटाची स्वतःची वही उघडा. गेल्या वर्षी किती व्याज आलं, त्यातलं किती पुन्हा कर्जात गेलं आणि किती पेटीत बसलं, एवढे तीनच आकडे वाचा. चादरींचा खेळ झाल्यावर हे आकडे ऐकले की बायका आपणहून विचारतात, पेटीत इतके का ठेवले? कधी त्याला चांगलं कारणही असतं. अडीअडचणीला रोकड हाताशी लागते.

गणितवेडा
पटाची गोष्ट मागे घेतो, पण ७२ चा नियम तरी ठेवा. ७२ ला दराने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं. दहा टक्क्यांना सात वर्षं आणि थोडं.

जमाखर्च
हा ठेवाच. चिंचोके आठव्या वर्षी दोनशेच्या पुढे गेले, त्याच्याशी जुळतोही. शेकडा दोनला ३६ येतात, तेव्हा दर महिन्याचा म्हणून उत्तरही महिन्यांत, हे मात्र बजावून सांगा. मला तो उलट्या बाजूने जास्त आवडतो. कुणी म्हणालं 'दोन वर्षांत दुप्पट', तर ७२ ला दोनाने भागा. वर्षाला ३६ टक्के आले. नेमका हिशेब केला तर ४१ च्या वर जातो, कारण मोठ्या दरांना हा नियम कमी आकडा दाखवतो. पण ३६ सुद्धा पुरेसा आहे. समोरच्याला विचारायचं, एवढं व्याज भरणारा कर्जदार कोण? सासूबाईंचा पिशवीचा प्रश्न इथेही चालतो.

शैला_माने
मी आमच्या गटाची सचिव आहे. तुमचं सगळं वाचलं, एक गोष्ट पटली नाही. एखादीचं व्याज थकलं की ते मुद्दलात मिळवायचं, हे इतक्या सहज लिहिलंय. आमच्याकडे तसं करत नाही. ठरावीक दंड घेतो आणि व्याज साधंच ठेवतो. जिचं थकतं तिच्या घरी आधीच आजारपण नाहीतर कामाची अडचण असते. तिच्यावर चक्रवाढ लावायची आणि तिच्याच व्याजातून इतरांनी 'वाढ' बघायची, हे गटाचं काम नाही.

किरण_प
पण दंडही शेवटी तिच्याच खिशातून ना? आणि थकवलं तरी चालतं म्हटल्यावर वेळेवर भरणारीने का भरावं?

जमाखर्च
शैलाताई, मी हिशेब कसा होतो ते लिहिलं, तसा करावा असं म्हटलं नाही. दोन्ही पद्धतींचे गट बघितलेत. ठरावीक दंडाचा फायदा असा की बाईला आधीच कळतं किती द्यायचे. तोटा असा की छोट्या कर्जाला तोच दंड जड पडतो आणि मोठ्या कर्जाला काहीच वाटत नाही. कुठली पद्धत बरी, यावर माझं ठाम मत नाही. नियमात काय लिहिलंय ते मात्र कर्ज घेतानाच वाचून दाखवलं पाहिजे.

मृणाल_जोग
आमच्या नियमावलीत थकलेल्या व्याजाबद्दल एक ओळही नाही, आत्ताच बघितली. अध्यक्षताईंना फोन केला तर म्हणाल्या, आजवर कधी वेळ आली नाही. शैलाताईंचा मुद्दा बैठकीत मांडणार आहे, ठरवायचं ते बायकाच ठरवतील. क्रम असा धरलाय: आधी चादरी, मग पिशवीचा प्रश्न, मग वहीतले तीन आकडे. कर्जाचे ३५ आणि ५० महिने वेळ उरला तर. जमाखर्चकाका, वीस जणींत दहा वर्षं मोजायला साधारण किती वेळ लागतो? मोजणीतच पाऊण तास जाईल अशी धास्ती आहे.

जमाखर्च
ढीग आधीच मांडून ठेवलेत तर वीस मिनिटं पुरतात. बायका येण्यापूर्वी दोन्ही चादरींवर शंभर-शंभर लावून ठेवा आणि उरलेले चिंचोके सासूबाईंच्या हातात द्या.