मदत हवी आहे: ९ व्होल्टच्या बॅटरीचा जास्तीत जास्त पॉवरचा बिंदू चुकीच्या जागी येतोय

ठाण्याची_मावशी

नमस्कार मंडळी. माझी भाची बारावीला आहे. फिजिक्सच्या प्रोजेक्टसाठी तिने "बॅटरीतून लोडला जास्तीत जास्त पॉवर कधी मिळते" हा विषय घेतला आणि रविवारी आमच्या डायनिंग टेबलाची प्रयोगशाळा झाली. मी कॉमर्सवाली, त्यामुळे माझं काम आकडे लिहून घेण्याचं.

साहित्य: चौकोनी ९ व्होल्टची साधी बॅटरी (अल्कलाइन नाही, स्वस्तातली), वेगवेगळे पाव वॅटचे रेझिस्टर, एक डिजिटल मल्टिमीटर. काहीही न जोडता बॅटरी ९.३० व्होल्ट दाखवत होती. मग मोठ्यापासून लहानापर्यंत एकेक रेझिस्टर लावला, त्याच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज वाचला आणि P = V²/R ने पॉवर काढली.

२२० ओहम: ८.१८ व्होल्ट, ०.३० वॅट
१०० ओहम: ७.१५ व्होल्ट, ०.५१ वॅट
६८ ओहम: ६.१९ व्होल्ट, ०.५६ वॅट
४७ ओहम: ५.२० व्होल्ट, ०.५८ वॅट
३३ ओहम: ४.१० व्होल्ट, ०.५१ वॅट
२२ ओहम: ३.०० व्होल्ट, ०.४१ वॅट
१० ओहम: १.४५ व्होल्ट, ०.२१ वॅट

१०० ओहमच्या ओळीवरून तिने बॅटरीचा अंतर्गत रोध काढला तो ३० ओहम आला. पुस्तक म्हणतं की लोडचा रोध अंतर्गत रोधाइतका झाला की पॉवर सगळ्यात जास्त. म्हणजे ३३ ला शिखर यायला हवं. आमचं आलं ४७ ला, आणि ६८ सुद्धा ३३ च्या पुढे आहे. भाची म्हणते, "मावशी, आकडे थोडे सरकवूया का?" मी नाही म्हटलंय. चूक कुठे आहे?

किरण_के

सोपं आहे. मल्टिमीटर करंट मोजायला सिरीजमध्ये लावला की त्याचा स्वतःचा रोध सर्किटमध्ये येतो. मिलिअँपिअरच्या रेंजवर तो काही ओहम असू शकतो. तो बॅटरीच्या ३० मध्ये मिळवा, शिखर उजवीकडे सरकणारच.

दुसरं, या बिंदूला बॅटरी सगळ्यात कार्यक्षम चालते, म्हणून कंपन्याही उपकरणं त्याच हिशोबाने बनवतात. प्रोजेक्टमध्ये ते "उपयोग" म्हणून लिहा.

ठाण्याची_मावशी

किरण, करंट आम्ही मोजलाच नाही. मीटर फक्त व्होल्टवर होता, रेझिस्टरच्या दोन पायांना. मग सिरीजमध्ये काय आलं?

जुना_सोल्डर

मावशी, भाचीला आकडे सरकवू दिले नाहीत हे फार बरं केलंत. उत्तर त्याच आकड्यांत आहे.

तिने अंतर्गत रोध एकाच ओळीवरून काढला. तोच हिशोब प्रत्येक ओळीवर करा: r = R × (९.३० − V) / V. ६८ च्या ओळीवर ३४ येतो. ४७ वर ३७, ३३ वर ४२, २२ वर ४६ आणि १० वर चक्क ५४. म्हणजे तुम्ही एक बॅटरी मोजलीच नाही. दर ओळीला आधीच्यापेक्षा थकलेली बॅटरी मोजलीत. नियम "r तेवढाच राहतो" असं धरून चालतो, आणि तुमचा r वाचनागणिक वर चढत होता.

आता माझा प्रश्न. एकेक रेझिस्टर किती वेळ जोडलेला होता?

ठाण्याची_मावशी

आकडा स्थिर होईपर्यंत थांबत होतो. एक-दोन मिनिटं सहज. खरं तर तो स्थिर होतच नव्हता, हळूहळू उतरत होता. शेवटी कंटाळून लिहून घ्यायचो. आणि हो, ३३ वाल्याला हात लावला तर चटका बसला.

जुना_सोल्डर

"हळूहळू उतरत होता", हाच तुमचा चोर.

ही साधी झिंक-कार्बन बॅटरी. आत दीड व्होल्टचे सहा छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून सहाही जणांचा रोध बेरजेत येतो. असा सेल शंभर-सव्वाशे मिलिअँपिअर सलग द्यायला बनलेलाच नसतो. करंट ओढला की इलेक्ट्रोडजवळचं रसायन खर्ची पडतं, नवीन तिथे पोचायला वेळ लागतो आणि तोवर व्होल्टेज खचत राहतो. थोडी विश्रांती दिली की बराचसा परत येतो. जुन्या टॉर्चचा अनुभव आठवा, मंद झाल्यावर पाच मिनिटं बंद ठेवली की पुन्हा जरा उजळायची.

तुम्ही मोठ्या रोधाकडून लहानाकडे गेलात, म्हणजे बॅटरी जितकी दमत गेली तितकं तिच्यावर जास्त ओझं टाकत गेलात. त्यामुळे लहान रोधाची सगळी वाचनं खाली दबली आणि शिखर मोठ्या रोधाकडे सरकलं. खात्री करायची असेल तर शेवटच्या वाचनानंतर लगेच पुन्हा १०० ओहम लावून बघा. ७.१५ यायला हवेत, पण नक्की कमी येतील.

आणि शिखर इतक्या सहज का सरकतं, तेही सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. आलेखाचं नाव शिखर असलं तरी आकार कासपठारासारखा आहे, माथ्यावर सपाट. लोड r च्या दुप्पट घेतला तरी पॉवर सर्वोच्च पॉवरच्या ८९ टक्के मिळते. निम्मा घेतला तरी तेवढीच. तुमच्या बाबतीत r खरोखर ३० वर टिकला असता तरी ३० ओहम आणि ४७ ओहम यांच्यातला फरक जेमतेम ५ टक्के होता. बॅटरी त्यापेक्षा कितीतरी जास्त खचली. सपाट माळावर सगळ्यात उंच दगड शोधताना पायाखालची जमीनच खचली, तर दगड कुठेही सापडणार.

किरण, तुमचा अँपिअरमीटरचा मुद्दा चुकीचा नाही, फक्त इथे लागू नाही. व्होल्टवर असलेला डिजिटल मीटर लोडला समांतर असतो आणि त्याचा रोध साधारण १० मेगओहम, म्हणजे नसल्यासारखाच.

पण कार्यक्षमतेचं वाक्य प्रोजेक्टमध्ये लिहू नका. त्या बिंदूला अर्धी पॉवर लोडमध्ये आणि अर्धी बॅटरीच्या पोटात जळते. १०० ओहमवर पॉवर कमी होती, पण बॅटरीने दिलेल्यातली ७७ टक्के लोडपर्यंत पोचत होती.

किरण_के

मान्य, कार्यक्षमतेत गोंधळ झाला. पण मग वीज कंपन्या काय करतात? अर्धी वीज जनरेटरमध्ये जाळतात का?

जुना_सोल्डर

नाही, आणि या गोंधळात तुमच्या आधी मोठमोठी माणसं सापडली होती. एकोणिसाव्या शतकात अनेकांना वाटायचं की डायनामोचा रोध बाहेरच्या सर्किटाइतका असावा. एडिसनने १८७९ मध्ये मुद्दाम अगदी कमी अंतर्गत रोधाचा डायनामो केला आणि बहुतांश वीज बाहेर काढून दाखवली. नियम एवढंच सांगतो की सोर्स ठरलेला असेल आणि लोड आपल्या हातात असेल, तर लोड किती ठेवायचा. उलटं असेल, म्हणजे लोड ठरलेला आणि सोर्स आपल्या हातात, तर सोर्सचा रोध जितका कमी तितकं बरं. तिथे "समान ठेवा" असं काही नाही.

बांधावरून

वाचतोय. माझा शेतावरचा प्रश्न याच्याशी जुळतो म्हणून विचारतो. जुनं सोलर पॅनेल आहे, लोड नसताना २१ व्होल्ट दाखवतं. जास्तीत जास्त पॉवर निम्म्या व्होल्टला मिळते म्हणता, म्हणजे साडेदहा. मी ते सरळ १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलंय. म्हणजे जवळपास बरोबर जागी आहे ना?

जुना_सोल्डर

नाही दादा, पॅनेलला हा नियम असा लावता येत नाही. बॅटरीचा व्होल्टेज करंटबरोबर सरळ रेषेत उतरतो असं आपण धरतो, निम्मा व्होल्ट त्यातून येतो. पॅनेल तसं वागत नाही. ते साधारण १७ व्होल्टपर्यंत करंट जवळजवळ तेवढाच ठेवतं आणि पुढे एकदम कोसळतं. त्यामुळे तुमचा सर्वोत्तम बिंदू १७ च्या आसपास आहे, साडेदहाला नाही. सरळ १२ च्या बॅटरीला जोडल्यावर ते १३ वगैरे व्होल्टवर अडकतं आणि भर उन्हात पाव हिस्सा तरी वाया जातो. एमपीपीटी कंट्रोलर नेमका त्यासाठी असतो. वेगळा धागा काढा, इथे भाचीचं काम राहील.

ठाण्याची_मावशी

मग आता करायचं काय? नवीन बॅटरी आणलीय.

जुना_सोल्डर

लोडच्या वाटेत एक पुश बटण टाका. दाबा, दोन-तीन सेकंदांत आकडा वाचा, सोडा. पुढच्या वाचनाआधी एक मिनिट विश्रांती. रेझिस्टर उतरत्या क्रमाने नाही, उलटेसुलटे लावा, आणि मध्येमध्ये १०० ओहमवर परत या. तो आकडा हलला नाही तर बॅटरी टिकून आहे. पाव वॅटचे रेझिस्टर पाऊण वॅटला चटके देणारच, पण तीन सेकंदांना चालतील.

लॅबवाली_बाई

मी ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. आम्ही सरळ चार अल्कलाइन पेन्सिल सेल घेतो आणि त्यांच्यापुढे २२ ओहमचा मोठा वायरवाउंड रेझिस्टर कायमचा जोडून "ही तुमची बॅटरी" म्हणून देतो. सेलांचा स्वतःचा रोध एखाद्या ओहमच्या घरात, त्यामुळे तो थोडा हलला तरी बिघडत नाही आणि शिखर २२-२३ ला स्वच्छ येतं. परीक्षकांनाही सुबक आलेख आवडतो.

जुना_सोल्डर

बाई, आलेख सुबक येईल, पण मग मोजलं काय? दुकानातून आणलेला २२ चा रेझिस्टर २२ चा आहे हे.

लॅबवाली_बाई

पन्नास मुलं आणि दोन तास असले की तुम्हीही हेच कराल.

ठाण्याची_मावशी

काल बटण लावून केलं. रिकामी बॅटरी ९.३५ व्होल्ट.

१०० ओहम: ७.२० व्होल्ट, ०.५१८ वॅट
४७ ओहम: ५.७० व्होल्ट, ०.६९१ वॅट
३३ ओहम: ४.८५ व्होल्ट, ०.७१३ वॅट
२२ ओहम: ३.९० व्होल्ट, ०.६९१ वॅट
१० ओहम: २.०५ व्होल्ट, ०.४२० वॅट

शिखर ३३ ला! ४७ आणि २२ दोन्हीकडे सारखे. भाचीने कासपठार वाक्य वहीत लिहून घेतलंय. पहिल्या चार ओळींतून r ३० ते ३१ येतो. पण १० ओहमवरून पुन्हा ३५.६ येतो. तीन सेकंदांतही दमली का?

किरण_के

इतक्या लहान रोधाला मगरचिमट्यांचा आणि बटणाचा रोध मोजावा लागेल, शिवाय रेझिस्टर ५ टक्के इकडेतिकडे असू शकतो.

जुना_सोल्डर

या वेळी किरणशी अर्धा सहमत. ५ टक्क्यांचा फरक r मध्येही ५ टक्केच आणेल, म्हणजे दीड-पावणेदोन ओहम. बटणाचा रोध फार तर आणखी एखादा. उरलेला फरक दोनशे मिलिअँपिअरला सेलच वेगळा वागल्याचा असू शकतो, पण एका वाचनावर मी पैज लावणार नाही. तो रेझिस्टर आधी मीटरने मोजा आणि १५ ओहमवर एक वाचन घ्या. तिथेही r चढलेला दिसला तर संशय बॅटरीवर.

ठाण्याची_मावशी

१५ चा घरात नाही. शनिवारी बाजारात जाऊन आणते, मग इथेच लिहीन.