वाळवंटातली रात्र: दिवसभर भाजलेल्या वाळूची ऊब जाते कुठे? (अनुभव धागा)

सांजवारा
वाळवंटात एखादी तरी रात्र उघड्यावर काढलेल्यांसाठी हा धागा. थर, कच्छ, लडाख, आखात, कुठलंही चालेल. थंडी साधारण कधी जाणवायला लागली आणि त्या रात्री आभाळ, वारा, दव कसं होतं, एवढं आवर्जून लिहा. नुसतं "कुडकुडलो" नको.

सुरुवात मी करते. जानेवारीत जैसलमेरजवळ सम इथे मुक्काम होता. दुपारी वाळू तळव्याला चांगलीच पोळत होती. सूर्य बुडून अर्धा तासही झाला नसेल, तर तीच वाळू गार लागायला लागली आणि हवा मात्र अजून सुखाची होती. म्हणजे आधी वाळू निवली, हवा तिच्या मागून. पहाटे तंबूबाहेर उभ्या केलेल्या मोटरसायकलच्या सीटवर पांढरा भुरभुरीत थर होता आणि तंबूच्या खांबावर टांगलेला तापमापक तीन अंश दाखवत होता. हवा शून्याच्या वर असताना बर्फ आला कुठून? आणखी एक. मी सहज वीतभर खणून हात घातला, तर खालची वाळू चक्क कोमट होती. ऊब होती, पण वर येत नव्हती.

गिरिजा
भूगोल शिकवते म्हणून लिहितेय. वाळूची विशिष्ट उष्णता पाण्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. जे लवकर तापतं ते लवकर निवतं. मुंबईला समुद्र आहे म्हणून दिवस-रात्रीत फरक कमी, जैसलमेरला नाही म्हणून जास्त. मुलांना एवढ्यावर पटतं.

सीमेवरची लेक
माझे बाबा सीमा सुरक्षा दलात होते, बरीच वर्षं राजस्थानच्या सरहद्दीवर. ते सांगायचे, थंडीत दोन टेकड्यांमधल्या खोलगटात कधी झोपायचं नाही. उंटवाले त्यांना म्हणत, "साब, नीचे ठंड बैठती है." उतारावर, माथ्यापासून जरा खाली अंथरूण टाकायचं. अगदी माथ्यावर वारा झोडपतो. खोलगटातला पहारा बदलून माणूस वर आला की त्याला फरक लगेच कळायचा.

आणि एक त्यांचं ठाम मत होतं: आभाळ भरून आलं की ती रात्र सोपी. त्रास ढग निघून गेल्यावरच्या दोन-तीन रात्रींचा.

वेधकाका
हवामान खात्यात निरीक्षक होतो, त्यातली काही वर्षं राजस्थानात. उंटवाल्यांचं आणि तुमच्या बाबांचं, दोन्ही अगदी बरोबर. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून ओघळून खोलगटात साचते.

गिरिजाताई, तुमचं उत्तर चूक नाही, पण जैसलमेरच्या किल्ल्यापाशी ते अडतं. त्या पिवळ्या दगडाची विशिष्ट उष्णता वाळूच्या जवळपासच आहे. तरी रात्री नऊला त्या भिंतीला पाठ लावली तर ऊब लागते, आणि त्या वेळी मोकळ्यावरची वाळू गारठलेली असते. फरक आहे तो उष्णता आतून वर येण्यात. सलग दगडातून ती वाहत येते. कोरड्या वाळूत कणाकणामध्ये हवा अडकलेली असते, त्यातून ती फार सावकाश सरकते. त्यामुळे दिवसभराचं ऊन वरच्या थोड्याशा थरातच मुरतं. रात्री तो थर आपली ऊब घालवून बसतो आणि खालचा साठा वेळेवर पोहोचत नाही. सांजवारा यांच्या हाताला लागलेली कोमट वाळू ती हीच.

आता वरच्या थराची ऊब जाते कुठे? सरळ आभाळात. प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी उष्णता फेकत असते, दिवसा आणि रात्रीही. हवेतली पाण्याची वाफ आणि ढग त्यातली बरीचशी शोषून पुन्हा खाली पाठवतात. ही वाफ म्हणजे जमिनीचं पांघरूण, आणि थरच्या हिवाळ्यात ते फार विरलेलं असतं. निरभ्र, कोरड्या रात्री एका चौरस मीटरमागे साधारण 70 ते 100 वॅट निव्वळ निघून जातात. खाली उतरलेले दाट ढग असले तर हाच आकडा पाच-सहा पट कमी होतो.

स्वतः बघायचं असेल तर वर्कशॉपमध्ये वापरतात ती बंदुकीसारखी अवरक्त तापमापी घ्या आणि रात्री आभाळाकडे रोखा. माझ्याकडे एक आहे. पुण्यात पावसाळी ढगांवर रोखली तर पंधराच्या पुढे आकडा येतो. जैसलमेरला जानेवारीत निरभ्र आभाळावर उणे तीसच्याही खाली गेला होता. रात्रभर वाळूच्या समोर असतं ते हे.

नागपूरकर
आम्ही फेब्रुवारीत दोन लहान मुलांना घेऊन समला जातोय. तंबूत हीटर असतो का? थर्मल घ्यावेत की स्वेटरवर भागेल?

सीमेवरची लेक
@नागपूरकर, धागा कारणांचा आहे, पण मुलं आहेत म्हणून सांगते. तंबूत शेगडी पेटवून झोपू नका, तिच्यातून निघणाऱ्या, न दिसणाऱ्या विषारी वायूने जीव जातो. कानटोपी, मोजे घ्या आणि अंगाखालचं अंथरूण जाड ठेवा. बाबा म्हणायचे, वरून जितकं पांघराल तितकंच खाली हवं.

मस्कतकर
मला या धाग्याचं गृहीतकच तपासावंसं वाटतं. मी ओमानमध्ये राहतो. चहूकडे वाळवंट, पण जूनमध्ये मस्कतला रात्री घराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि मध्यरात्रीही घाम थांबत नाही. आमच्या किनाऱ्यावर कुरियात नावाचं गाव आहे. तिथे 26 जून 2018 रोजी चोवीस तासांत पारा 42.6 अंशांच्या खाली उतरलाच नाही. तो किमान तापमानाचा उच्चांक म्हणून गाजला. मग "वाळवंट रात्री थंड असतं" हे खरं कसं?

त्याच देशात डिसेंबरमध्ये आतल्या भागातल्या वाहिबाच्या वाळूत गेलो होतो. दुपारी टी-शर्ट, रात्री दोन जॅकेटं. वाळू दोन्हीकडे आहे. किनाऱ्यावर दमटपणा आहे, आत नाही.

वेधकाका
मस्कतकर, तुमचा मुद्दा या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे. फक्त कुरियातचं सगळं श्रेय वाफेला देऊ नका. मागच्या डोंगरांवरून उतरणारा वारा तापत येतो, त्याचाही त्यात हात असणार.

थरलाही हेच लागू आहे. फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंश नोंदले गेले. मे महिन्यातल्या तिथल्या रात्री थंड नसतात, पंचवीस-तीसच्या घरात असतात. पारा तेव्हाही दिवसापेक्षा पंधरा अंश उतरतो, पण उतरून पोहोचतो कुठे, हे तो निघाला कुठून यावर ठरतं. हाडं गोठवणारी रात्र डिसेंबर-जानेवारीची. तेव्हा रात्र लांब असते आणि दिवसाची कमाई मुळात कमी असते.

सीटवरच्या बर्फाबद्दल. समजा दुपारी 24 अंश आहेत आणि आर्द्रता 15 टक्के. अशा हवेचा दवबिंदू उणे चारच्या आसपास येतो. मुंबईत 24 अंश आणि 60 टक्के असेल तर तो सोळाच्या जवळपास. मुंबईत रात्री पारा सोळापर्यंत घसरला की दव पडायला लागतं आणि एक ग्रॅम दव साकळताना सुमारे 600 कॅलरी सोडतं. त्यामुळे घसरण मंदावते. समला असा अडसर उणे चारपर्यंत नाहीच. पारा तिथवर पोहोचतोच असं नाही, बहुतेकदा आधी सूर्य उगवतो.

हवेचं तापमान आम्ही पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर मोजतो. उघड्यावर पडलेली वस्तू त्याहून कित्येक अंशांनी थंड असते. म्हणूनच वेधशाळेत गवतावर टेकवलेला वेगळा किमान तापमापक ठेवायची पद्धत आहे. मोटरसायकलच्या सीटखाली फोम असतो, त्यामुळे तिला खालून काहीच ऊब मिळत नाही आणि वर सगळं आभाळ मोकळं. ती उणे चारच्या खाली गेली आणि हवेतली जी काही थोडी वाफ होती ती थेट बर्फ होऊन बसली. खांबावरचा तापमापक तीन दाखवत होता तेही खरंच.

स्ट्रॉबेरीवाला
म्हणजे आमच्या महाबळेश्वरासारखंच की! वेण्णा तलावाच्या काठाला आणि लिंगमळ्याच्या बाजूला थंडीत पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर हिमकण धरतात. पेपरात छापून येतं "पारा शून्यावर", पण आमच्या घराच्या ओट्यावर पाच-सहा अंश असतात. झाडाखालच्या वाफ्यात कधीच धरत नाही, उघड्यावरच्या वाफ्यात धरतो. झाड आभाळ झाकतं म्हणूनच ना?

आणि एक विचारतो. आम्ही अशा रात्री बांधावर पाचट पेटवून धूर करतो. धुराचं पांघरूण चालतं का?

वेधकाका
झाडाचं बरोबर. धुराचा उपयोग फार कमी, कारण त्याचे कण इतके बारीक असतात की हे किरण त्यांतून निघून जातात. आदल्या संध्याकाळी पाणी देणं जास्त कामाचं. ओल्या मातीतून खालची ऊब वर येते.

स्ट्रॉबेरीवाला
काका, पाण्याचं मान्य. पण धूर केलेल्या रात्री पानं कमी करपतात हे आमच्या वडिलांपासून बघत आलोय. कदाचित जाळामुळे हवा हलत असेल, मला सांगता येणार नाही. धूर बंद करायला मन धजत नाही.

गिरिजा
वेधकाका, भिंतीचं उदाहरण पुढच्या तासाला वर्गात वापरणार. एक भर घालते. हवा शून्याच्या वर असताना बर्फ करण्याचा धंदाच आपल्या देशात चालायचा. 1775 साली रॉबर्ट बार्कर या इंग्रजाने अलाहाबादकडची पद्धत लिहून ठेवली आहे. उघड्या मैदानात खड्डे करून त्यात उसाची चिपाडं वगैरे पसरायची, वर मातीच्या उथळ, सच्छिद्र भांड्यांत उकळून गार केलेलं पाणी ठेवायचं आणि सूर्योदयाआधी बर्फ गोळा करायचा. चिपाडं कशासाठी हे मला आत्ता नीट कळलं. जमिनीची ऊब भांड्यापर्यंत येऊ नये म्हणून. तुमच्या सीटखालचा फोम तोच.

वेधकाका
बरोबर. सच्छिद्र भांड्यातून थोडं पाणी उडून जाऊनही थंडावा मिळायचा. किती आभाळामुळे आणि किती बाष्पीभवनामुळे हे त्या रात्रीच्या वाऱ्यावर ठरत असणार. वारा सुटला की बर्फ धरत नसे, एवढं मात्र नक्की, कारण वारा वरची उबदार हवा खाली ढवळतो.

सांजवारा
इथेच माझं अडतंय. आम्ही कच्छला धोरडोलाही गेलो होतो. पांढऱ्या मिठाच्या थराखाली ओला चिखल असतो, पाय रुतला की कळतं. काकांच्या म्हणण्याप्रमाणे ओल्या जमिनीतून ऊब वर यायला हवी, म्हणजे रणातली रात्र समपेक्षा सौम्य हवी. मला तर तिथे जास्त थंडी वाजली. वारा सतत होता.

मस्कतकर
वारा असेल तर तापमापकाचा आकडा वर राहतो, पण अंगाला थंडी जास्त लागते. तुम्ही आकडा बघितला होता का?

सांजवारा
नाही, तापमापक नव्हता बरोबर.

वेधकाका
पांढरं मीठ दिवसाचं बरंचसं ऊन परत उडवतं, तेव्हा चिखलात मुळात साठतं किती हाही प्रश्न आहे. मी रणात मोजमाप केलेलं नाही. या हिवाळ्यात कुणी जाणार असेल तर सूर्यास्तानंतर दोन तासांनी आणि पहाटे, मिठाच्या पृष्ठभागावर आणि चार बोटं खाली, असे चार आकडे घेऊन या. वाऱ्याची नोंद विसरू नका.

नागपूरकर
आम्ही समहून पुढे कच्छलाही जाणार आहोत. ती बंदुकीसारखी तापमापी कुठे मिळते?