मदत हवी आहे: पाऊचवर 'कम्पोस्टेबल', खोक्यावर 'रिसायकल्ड'. यातलं खरं किती?

साबणवडी:
साबणाचा छोटा व्यवसाय आहे. कुरिअर पाऊचचे दोन नमुने आलेत. एकावर 'बायोडिग्रेडेबल' आणि हिरवं पान, दुसऱ्यावर 'कम्पोस्टेबल, ईएन १३४३२'. खोक्यावर '७० टक्के रिसायकल्ड'. पाऊचवर 'कुंडीत टाका, खत होईल' असं छापू का?

पुठ्ठेवाला:
पानाचा नमुना बाजूला ठेवा. कुठे आणि किती दिवसांत कुजणार हे लिहिलेलंच नाही. दुसरा खरा असेल, तरी कुंडीची ओळ नको. ईएन १३४३२ हे युरोपीय मानक मोठ्या खतप्रकल्पासाठी आहे, तिथे ढीग ५८ अंशांच्या आसपास तापतो. १२ आठवड्यांनी २ मिमीच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरले तर माल नापास. कुंडीतली माती एवढी कुठून तापणार? त्यासाठी 'होम कम्पोस्टेबल' असं वेगळं प्रमाणपत्र बघा.

निवांत:
मक्यापासून केलंय ना? मग आज ना उद्या कुजणारच.

पुठ्ठेवाला:
नाही हो. उसापासून केलेलं पॉलिइथिलीन साध्या पिशवीसारखंच वर्षानुवर्षं टिकतं. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक खनिज तेलापासून बनवतात आणि ते कुजतं.

रेघोटी:
प्रमाणपत्राची पीडीएफ मागवा, विषय संपला.

चाळणी:
संपत नाही. बऱ्याचदा ती नुसत्या कच्च्या प्लास्टिकच्या दाण्यांची किंवा फिल्मची असते, तयार पाऊचची नाही. तीन गोष्टी जुळवा: नाव कोणाचं, कमाल जाडी किती, मुदत कधीपर्यंत. समजा प्रमाणपत्र ६० मायक्रॉनपर्यंतचं आहे आणि पाऊच ८० चा, तर ते या पाऊचला लागू नाही. प्रमाणपत्र क्रमांक देणाऱ्या संस्थेच्या साइटवर टाकून बघा. शिवाय वर साधा प्लास्टिकचा पत्त्याचा स्टिकर चिकटवलात, तर खतात तो तसाच उरेल.

थंडगार:
माझे पीएलएचे, म्हणजे मक्यासारख्या पिकापासून केलेल्या प्लास्टिकचे, पारदर्शक कप लोक बाटल्यांच्या डब्यात टाकतात. निदान रिसायकल तरी होत असतील ना?

चाळणी:
उलट त्रासच. दिसायला ते बाटल्यांच्या पीईटी प्लास्टिकसारखेच. पण पीईटीचा चुरा वितळवण्याआधी साधारण १६० अंशांवर वाळवतात आणि पीएलए ६० च्या आसपासच मऊ पडतं. चिकटून गोळे होतात.

साबणवडी:
आणि खोक्याचे ७० टक्के?

पुठ्ठेवाला:
हे ७० टक्के कशाकशाचे, त्याची फोड मागा. १०० ग्रॅमच्या खोक्यात ४० ग्रॅम लोकांनी वापरून टाकलेल्या कागदाचे आणि ३० ग्रॅम छापखान्यातल्या कातरणीचे असतील, तर पर्यावरणविषयक दाव्यांच्या आयएसओ १४०२१ मानकाप्रमाणे ७० म्हणता येतं. पण ते ३० ग्रॅम कागदगिरणीने स्वतःचीच कातरण त्याच लगद्यात परत घातल्याचे असतील, तर ते धरत नाहीत, ४० च उरतात. आणि बाणांच्या त्रिकोणाशेजारी टक्केवारी नसेल, तर अर्थ एवढाच की खोका पुढे रिसायकल होऊ शकतो.

चाळणी:
मी तर म्हणेन, गिऱ्हाइकांच्या आसपास खतप्रकल्प नसेल तर कागदी पाऊच घ्या.

पुठ्ठेवाला:
साबण ओलाव्याने कागदाला चिकटला तर? आत प्लास्टिकचा थर असलेला कागद दिला तर तोही धड रिसायकल होत नाही. साबणवडी, आत वेगळं वेष्टन आहे का?