मदत हवी आहे: चित्रातल्या पोपटांची बेरीज लेकीला कोणत्या शब्दांत सांगू?

रानजाई: लेक पहिलीत आहे. वर्कशीटवर फांदीवर बसलेले चार पोपट आणि उडत येणारे तीन, खाली ☐ + ☐ = ☐. ती 4 आणि 3 बरोबर लिहिते, उत्तर मात्र 6! "चार मनात धर आणि पुढे मोज" असं मी सांगते. सात हे मला कळतं हो, पण तिला समजावू कसं?

टक्केटोणपे: पाठ करून घ्या. चार नि तीन सात. बोटं मोजायची सवय लागली की सुटत नाही.

खडूफळा: पाठांतर नंतर होईलच. आधी बघा, "चार" म्हणताना तिचं बोट कुठे असतं? पहिल्या उडणाऱ्या पोपटावर असेल, तर चार, पाच, सहा असंच होणार.

रानजाई: आत्ता बघितलं. अगदी तसंच करते!

खडूफळा: पहिलीच्या वर्गात दरवर्षी बघते हे. "चार" हा बसलेल्यांचा आकडा, तो ती उडणाऱ्याला देऊन टाकते. बसलेल्या प्रत्येक पोपटावर एकेक चिंचोका ठेवत मोजू दे. मग विचारा, "बसलेले किती?" पुन्हा एकपासून मोजायला लागली तर आज तिथेच थांबा, काही दिवस नुसतं मोजणंच करा. पटकन "चार" म्हणाली तर फांदी तळहाताने झाका. "हाताखाली किती?" चार. "आता हा आला, किती झाले?" पाच. "अजून एक आला, किती झाले?" तिसऱ्यालाही तेच. "पुढे मोज" म्हणूच नका.

घाटवाट: मूळ घोळ पुस्तकातच आहे. 2019 ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं, तेव्हापासून आमच्या घरात आजी एकवीस म्हणते आणि नातू वीस एक.

टक्केटोणपे: अहो, इथे सातच्या पुढे कोणी गेलेलं नाही.

रानजाई: 😄 अजून एक. मोजून झालेल्या पोपटावर ती पेन्सिलने काट मारते. चालेल ना?

खडूफळा: काट नको, टिंब द्यायला सांगा. वजाबाकीच्या चित्रांत काट म्हणजे 'गेला'. तेव्हा गोंधळ होतो.

रानजाई (दोन दिवसांनी): "किती झाले"ने सात आले! पण तिने 3 + 4 = 7 लिहिलं आणि बाईंनी फुली मारली.

टक्केटोणपे: फुली कशाला? उत्तर तेच की.

खडूफळा: चित्रातली गोष्ट आधी बसलेले, मग आलेले अशी आहे, म्हणून बाईंनी मारली असेल. मी मारली नसती. तीन आधी का घेतलेस, एवढंच विचारलं असतं.

टक्केटोणपे: मग पहिलीच्या पोरीला ते शब्दांत लिहून तरी द्या की वर, 'आधी बसलेले लिहा'.

रानजाई: मी विचारलं तिला. म्हणते, उडणारे जास्त छान काढलेत.