बाह्या आणि हातमोजे घालूनही हात काळवंडतात : मदत हवी आहे

कागलची पाळी : नमस्कार. माझी दुपारची पाळी असल्यामुळे मी आठवड्यातून सहा दिवस साडेबाराच्या सुमारास राजारामपुरीतून स्कूटरवर निघते आणि महामार्गाने कागलच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचते. काळ्या लवचिक बाह्या आणि सुती हातमोजे न चुकता घालूनही कोपराच्या वरचा दंड काळवंडला आहे आणि मनगटावर बोटभर रुंदीचा लाल पट्टा उठून त्याची आग होते. शिवाय हेल्मेटखालच्या स्कार्फची गाठ मानेला रुतते. यात काय बदलावे?

रंकाळाकाठ : काळा रंग ऊन ओढतो, म्हणून त्रास होतो. पांढरा, पातळ सुती सनकोट वापरावा.

इचलकरंजीकर : मी कापड प्रक्रियेच्या कामात आहे. काळे कापड अधिक तापते हे खरे. परंतु अतिनील किरण गडद कापडच जास्त अडवते, आणि पातळ पांढऱ्या सुती कापडातून, विशेषतः ते घामाने भिजल्यावर, बरेच किरण आत येतात. ताईंच्या बाबतीत मला ताणाची शंका येते. यूपीएफ 50 म्हणजे किरणांचा पन्नासावा भागच आत येतो, पण हे मोजमाप सहसा न ताणलेल्या कापडाचे असते. तीच बाही दंडावर ताणली गेली की विणीतल्या फटी उघडतात. दंडाएवढ्या जाडीच्या काचेच्या बरणीवर बाही चढवून आत मोबाइलची बॅटरी लावून पाहा. प्रकाशाचे बारीक ठिपके दिसले, तर ती बाही तुम्हाला लहान आहे.

मनगटाचे कारण वेगळे आहे. मूठ धरायला हात पुढे केला की बाही वर सरकते, आणि मेच्या सुरुवातीला कोल्हापुरात साडेबाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने ऊन थेट त्या फटीवर पडते. अंगठ्यासाठी भोक असलेली बाही घ्या आणि तिच्यावर लांब मनगटाचा हातमोजा चढवा. तळव्याला रबरी ठिपके असावेत. नुसत्या सुती मोज्यात ब्रेकची पकड निसटते.

शिरोलीचा प्रवासी : मला धुळीने फार खोकला येतो. मी नाकावर दुहेरी रुमाल बांधतो, त्याचा चांगला उपयोग होतो.

कागलची पाळी : दादा, धुळीचा त्रास मलाही आहे, पण प्रश्न उन्हाचा होता. बरणीवर बाही चढवून पाहिली : मनगटाकडे अंधार होता, दंडाकडे चाळणीसारखे ठिपके दिसले. स्कार्फचे काय करावे?

इचलकरंजीकर : मागे गाठ मारूच नका. एकपदरी पातळ स्कार्फ डोक्यावरून घेऊन टोके गळ्याशी फिरवा आणि शर्टाच्या आत खोचा. बाहेर फडफडणारे टोक चाकात अडकू शकते. त्यानंतर हेल्मेटचा पट्टा पुन्हा आवळून पाहा, कारण जाड घडीमुळे हेल्मेट वर उचलले जाते.

कागलची पाळी : गाठ काढल्यावर मान मोकळी झाली आणि पट्टाही नीट बसला. मात्र एक माप मोठी बाही आणली, तर ती दंडावर पुरते आणि कागल येईपर्यंत कोपराखाली घसरते. वरचे इलॅस्टिक घट्ट केले की वळ उठतात. दंड जाड आणि मनगट बारीक असणाऱ्या कोणी यावर उपाय केला असल्यास कृपया सांगावे.