मदत हवी आहे: लोणचं-पापडाच्या स्वच्छतेवर बोलायचंय

ताईंनो, आमच्या बचत गटातल्या बारा जणी लोणचं-पापड विकायला सुरुवात करतायत. अध्यक्ष म्हणून रविवारी मला स्वच्छतेवर बोलायचंय. हात धुवा, केस बांधा हे सगळ्यांना पाठ आहे. माझा भर ओलाव्यावर आहे.

गेल्या वर्षी मी घरी कैरीचं लोणचं घातलं. कैरी तीच, मसाला तोच, तरी दोन बरण्यांना वरून पांढरी बुरशी आली. त्या बरण्या सकाळी धुऊन दुपारीच भरल्या होत्या. आतून कोरड्या दिसत होत्या, पण झाकणाच्या आट्यांत पाणी राहिलं होतं. शिवाय फोडी तेलाच्या वर आल्या होत्या. बाकीच्या बरण्या दिवसभर कडक उन्हात होत्या, त्यांत फोडींवर बोटभर तेल होतं. त्या वर्षभर टिकल्या.

पापडाचंही तसंच. वरून वाळलेला वाटतो, मधे दमट राहतो. मोडल्यावर कट्‌ आवाज न येता वाकला, तर पिशवीत भरायचा नाही, हे मी सांगणार आहे.

आता अडचण अशी, की वर्षानुवर्षं लोणचं घालणाऱ्या मोठ्या काकूंना हे न दुखावता कसं सांगू? आणि ढगाळ दिवसांत तुम्ही बरण्या, पापड कशावर वाळवता?