आधी पुरावा की आधी नियम? कॉल ड्रॉपच्या एका रुपयावरून

देवरुखकर (मूळ पोस्ट): २०१६ साली सुप्रीम कोर्टाने कॉल ड्रॉपच्या भरपाईचा नियम रद्द केला आणि आमच्या खिशातला एक रुपया काढून मोबाईल कंपन्यांना दिला. कारण काय, तर नियम करणाऱ्या ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नीट अभ्यास केला नव्हता! कॉल तुटतो हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्याला अभ्यास कसला? प्रत्येक नियमाआधी "परिणामांचं मूल्यमापन" मागणारे लोक शेवटी कंपन्यांचंच काम करतात.

वकीलीणबाई: हे वाचून गप्प बसवलं नाही. जरा तारखा बघा. ट्रायचा हा नियम, म्हणजे विनियम, निघाला १६ ऑक्टोबर २०१५ला. १ जानेवारीपासून प्रत्येक तुटलेल्या कॉलमागे फोन लावणाऱ्याला एक रुपया, दिवसाला तीन कॉलपर्यंत. आणि कॉल नेमके कशाने तुटतात याबद्दलचा ट्रायचा स्वतःचा तांत्रिक पेपर आला १३ नोव्हेंबरला. आधी कळस, मग पाया. त्या पेपरात सरासरी ३६.९ टक्के कॉल ग्राहकाच्या बाजूने तुटतात असं निघालं, आणि हाच आकडा कोर्टात ट्रायच्या अंगावर आला.

आता हिशोब करा. २००९च्या सेवा-गुणवत्तेच्या विनियमात ट्रायनेच महिन्याला सरासरी दोन टक्के कॉल तुटले तर चालतील असं ठरवलं होतं. समजा एका कंपनीचे एका भागात दहा हजार कॉल झाले आणि दोनशे तुटले. म्हणजे ती नियमात बसते. तरी नव्या विनियमाने तिने दोनशे रुपये द्यायचे. त्यातले सरासरीने सत्तरेक कॉल कुणाची बॅटरी संपली, कुणी लिफ्टमध्ये शिरलं म्हणून तुटलेले, तेही तिच्याच माथी. शेजारच्या कंपनीचे चारशे तुटले, ती चारशे देणार. नियम पाळणारा आणि मोडणारा दोघेही दंड भरतात, तर मग दोन टक्क्यांचा नियम ठेवला कशाला? हा प्रश्न मसुदा लिहितानाच पडायला हवा होता. तो पडावा म्हणूनच आधी अभ्यास करायचा असतो.

हरकती_सूचना: बाई बरोबर बोलतायत. शिवाय ट्रायने कायदाही मोडला. मसुदा ३० दिवस लोकांसमोर ठेवणं २०१४पासून कायद्याने सक्तीचं आहे.

वकीलीणबाई: नाही हो. २०१४चं ते केंद्राचं धोरण आहे, कायदा नाही. मंत्रालयाने ते पाळलं नाही म्हणून नियम आपोआप रद्द होत नाही. जनरल क्लॉजेस ॲक्टमधलं मसुदा आधी प्रसिद्ध करण्याचं कलमसुद्धा मूळ कायद्याने तशी अट घातली असेल तरच लागू होतं. ट्रायचं वेगळं आहे, त्यांच्या कायद्याच्या ११(४) कलमात पारदर्शकतेची अट आहे. आणि त्यांनी सप्टेंबरमध्ये सल्लामसलतीचा पेपर काढलाही होता. चूक पुढची. कंपन्यांनी हरकती घेतल्या त्यांना मुद्देसूद उत्तर नव्हतं. हरकत मान्य करायलाच हवी असं नाही, पण का फेटाळली ते कारणांसकट लिहायला हवं.

देवरुखकर: मुद्देसूद उत्तर! माझी आई गावात एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी रात्री अकराला तिच्या छातीत दुखायला लागलं. मला फोन लागला, "अरे, मला" एवढं ऐकू आलं आणि तुटला. मी तिला सहा वेळा लावला, सहाही वेळा तुटला. शेवटी शेजारच्यांना लँडलाईनवर उठवलं. मी लिफ्टमध्ये नाही, बॅटरी ऐंशी टक्के. हा कॉल कुठल्या टक्केवारीत बसवता?

वकीलीणबाई: ज्यांची जबाबदारी कंपनीवर आहे त्यात. तो रुपया तुम्हाला मिळायला हवा होता, हे मी मनापासून म्हणते. पण विनियमात तुमचा कॉल आणि लिफ्टमधला कॉल वेगळे करायची सोयच नव्हती, म्हणून दोन्ही गेले.

गूळ_शेंगदाणे: मोबाईलचं मला कळत नाही, पण बिनअभ्यासाचा नियम काय करतो ते मी भोगलंय. किराणा दुकान आहे. २३ मार्च २०१८ला राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना आली, २३ जूनपासून कारवाई. पहिल्या वेळेला पाच हजार दंड. भर पावसाळा. पावशेर गूळ मी कशात द्यायचा? वर्तमानपत्रात बांधला तर दोन तासांत कागद चिकटून गूळ शाईसकट ताटात. कागदी पिशवी चौकशी केली तर प्लास्टिकच्या चारपट भावात, आणि ओल लागली की फाटते. मला दंड झाला तो शेंगदाण्याच्या पाव किलोच्या पुड्यांवर. पावती अजून गल्ल्यात आहे. आणि कारवाई सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच किराणा मालाच्या पॅकिंगला सूट! ती सूट आधी सुचली नसती का? एक माणूस दुकानात अर्धा दिवस उभा केला असता तरी कळलं असतं.

नालासफाई: दुकानदारसाहेब, २६ जुलै २००५ला मी कुर्ल्यात छातीभर पाण्यात उभा होतो. पाणी ओसरल्यावर नाल्यातून काय निघालं ते या हातांनी काढलंय. तुमचा गूळ चिकटला याचं दुःख आहे, पण प्रत्येक पुडीचा अभ्यास करत बसलो असतो तर बंदी २०३० सालीही आली नसती. "आधी अभ्यास" हे लांबवायचं सगळ्यात सोपं हत्यार आहे.

गूळ_शेंगदाणे: मी बंदीच्या विरोधात आहे असं कुठे म्हटलं? शिवाय दुकानातला प्रत्येक जण नाल्यात टाकतो असं गृहीत धरून बोलू नका.

नालासफाई: तुम्ही टाकत नाही, तुमचं गिऱ्हाईक टाकतं. पिशवी तुमच्याकडूनच येते.

गूळ_शेंगदाणे: मग गिऱ्हाइकाला दंड करा! पन्नास वर्षांचं दुकान, वडिलांच्या फोटोसमोर उभं करून चोरासारखी झडती घेतली माझी. तुम्ही होता का तिथे?

नालासफाई: नव्हतो. झडतीची पद्धत चुकीचीच. आणि पॅकिंगची सूट पहिल्या दिवशीच मसुद्यात असायला हवी होती, हेही मान्य करतो. बंदीवरून मात्र मी मागे हटणार नाही.

वकीलीणबाई: नालासफाईंच्या लांबणीच्या मुद्द्याला उत्तर आहे. दिवाळखोरीच्या कामकाजाचं नियमन करणाऱ्या नादारी मंडळाने, म्हणजे आयबीबीआयने, २०१८ साली स्वतःसाठीच विनियम केले. मसुद्याबरोबर आर्थिक विश्लेषण द्यायचं आणि हरकतींसाठी किमान २१ दिवस ठेवायचे. २१ दिवसांत कुणाचे नाले तुंबत नाहीत.

हरकती_सूचना: पण २१ दिवसांत हरकत लिहिणार कोण? कंपनीकडे वकिलांची फौज. गूळवाल्यांनी मसुदा पाहिला असता का?

गूळ_शेंगदाणे: कुठे लावला होता ते तरी कळलं असतं का मला?

वकीलीणबाई: याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अभ्यास करणारी संस्थाच नियम करणारी असते, आणि दारात येऊन बोलतो त्याचंच तिला ऐकू येतं. म्हणून मी हरकतींवर भिस्त ठेवणार नाही. संस्थेने स्वतः बाजारात उतरून बघावं, असंच लिहून घ्यायला हवं.

देवरुखकर: म्हणजे कंपन्यांचं जास्त ऐकलं जातं, हे माझंच म्हणणं झालं. ठीक, ३६.९ टक्के सोडले. उरलेल्या त्रेसष्ट टक्क्यांचं पुढे काय झालं ते सांगा.

वकीलीणबाई: २०१७मध्ये ट्रायने मोजणी बदलली. अख्ख्या सर्कलच्या, म्हणजे साधारण राज्याएवढ्या भागाच्या, सरासरीत वाईट टॉवर लपून जायचे. त्या बदलाने ९० टक्के सेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या एकेका अँटेनाच्या टप्प्यातल्या भागांत, ९० टक्के दिवस, तुटण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत हवं अशी अट आली. हुकलं तर पाच लाखांपर्यंत दंड, वारंवार हुकलं तर दहापर्यंत. तुमच्या गावचा टॉवर अशा मोजणीत निदान दिसू तरी शकतो.

देवरुखकर: आणि तो दंड कुणाला मिळतो?

वकीलीणबाई: ग्राहकाला नाही.

देवरुखकर: मग आईच्या त्या सहा कॉलचे सहा रुपये अजून बाकी आहेत.

हरकती_सूचना: तीनच. दिवसाला तीन कॉलपर्यंत होते.